दुहेरी निवासाचे निर्णायक नियम (कर करार)

दुहेरी निवासाचे निर्णायक नियम म्हणजे एकच व्यक्ती एकाच काळात दोन देशांच्या कायद्यांनुसार करनिवासी ठरत असेल, तर कर करारापुरती ती कोणत्या एका देशाची निवासी मानायची हे ठरवणाऱ्या कसोट्या. व्यवहारात त्यांना टाय-ब्रेकर नियम म्हणतात. भारताने केलेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या बहुतेक करारांत हे नियम 'निवासी' या संकल्पनेची व्याख्या करणाऱ्या चौथ्या अनुच्छेदात आढळतात. व्यक्तीसाठी कसोट्यांचा क्रम असा असतो : स्थायी घर, जिव्हाळ्याच्या हितसंबंधांचे केंद्र, नेहमीचे वास्तव्य, राष्ट्रीयत्व आणि शेवटी दोन्ही सरकारांची परस्पर सहमती. हा क्रम पायऱ्यांसारखा आहे. ज्या पायरीवर निर्णय होतो तिथेच थांबायचे असते. पुढच्या पायऱ्यांचा विचार करायचा नसतो.

## एकाच वेळी दोन देशांचे निवासी कसे होते?

करकायद्यातील 'निवासी' हा शब्द नागरिकत्वाशी जोडलेला नाही. प्रत्येक देश आपला करनिवासी कोण हे स्वतःच्या कायद्याने ठरवतो, आणि निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारण्याचा हक्क बहुतेक देश स्वतःकडे ठेवतात. अनिवासी व्यक्तीवर मात्र त्या देशात निर्माण झालेल्या किंवा मिळालेल्या उत्पन्नापुरताच कर लागतो.

भारतात प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६ नुसार आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ देशात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. त्या वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात राहणे ही दुसरी कसोटी आहे. मात्र नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाच्या बाबतीत, तो ज्या वर्षी देश सोडतो त्या वर्षापुरते ६० ऐवजी १८२ दिवस धरले जातात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी दिवसांच्या मोजणीवर आधारलेली ही पद्धत कायम आहे.

दुहेरी निवासाचे एक साधे कारण वर्षाच्या मोजणीत दडलेले असते. भारताचे करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते. अमेरिका, जर्मनी, चेक प्रजासत्ताक अशा अनेक देशांत ते १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असते. शिवाय भारतीय कायद्यात व्यक्ती एका वर्षासाठी निवासी असते किंवा नसते. अर्धे वर्ष निवासी आणि अर्धे वर्ष अनिवासी अशी विभागणी तो मान्य करत नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास परदेशी गेलेली व्यक्ती पुढच्या ३१ मार्चपर्यंत भारताची निवासी राहते, आणि ज्या देशात ती गेली तो देश १ जानेवारीपासूनच तिला आपली निवासी मानू शकतो. असे झाले की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांवर दोन देशांचा दावा उभा राहतो.

## करारांतील नियमांची पार्श्वभूमी

कसोट्यांचा हा क्रम आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या १९६३ च्या मसुदा करारात दिसतो. संघटनेच्या १९७७ च्या नमुना करारात आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या नमुना करारातही तो कायम राहिला. भारत या संघटनेचा सदस्य नाही. तरीही अमेरिकेबरोबर १९८९ मध्ये, जर्मनीबरोबर १९९५ मध्ये आणि चेक प्रजासत्ताकाबरोबर १९९८ मध्ये झालेल्या करारांत भारताने हाच क्रम स्वीकारला. नमुना करारावर संघटनेने प्रसिद्ध केलेले भाष्य भारतावर बंधनकारक नाही. परंतु शब्दांचा अर्थ लावताना भारतातील न्यायाधिकरणे त्याचा आधार घेतात.

## कसोट्यांचा क्रम

### स्थायी घर

पहिला प्रश्न असा की, त्या व्यक्तीला राहण्यासाठी स्थायी घर कोणत्या देशात उपलब्ध आहे? ते एकाच देशात असेल तर निर्णय तिथेच होतो. येथे 'स्थायी' आणि 'उपलब्ध' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. घर मालकीचे असावे लागत नाही. भाड्याची सदनिका, इतकेच नव्हे तर भाड्याची सुसज्ज खोलीही चालते. मात्र ती सतत वापरासाठी घेतलेली असावी लागते. हॉटेलातील किंवा कंपनीच्या अतिथिगृहातील तात्पुरता मुक्काम यात बसत नाही.

उलट, मालकीचे घर असूनही ते उपलब्ध नसू शकते. नमुना करारावरील २०१७ च्या भाष्यात हे स्पष्ट केले आहे : घर नात्यात नसलेल्या व्यक्तीला भाड्याने देऊन त्याचा ताबा सोडला असेल आणि मालकाला तिथे राहण्याची सोय उरली नसेल, तर त्या काळात ते घर त्याला उपलब्ध नसते. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने २०१९ मध्ये आणि दिल्ली खंडपीठाने २०२२ मध्ये अशाच स्वरूपाच्या प्रकरणांत हा विचार स्वीकारला. पहिले प्रकरण अमेरिकेशी आणि दुसरे सिंगापूरशी झालेल्या करारासंबंधी होते. दोन्ही प्रकरणांत करदात्याचे भारतातील घर भाड्याने दिलेले होते, आणि दोन्ही निर्णय परदेशातील निवासाच्या बाजूने झाले.

कुलूप लावून ठेवलेल्या घराची गोष्ट वेगळी आहे. सामान आत आहे, वीज-पाण्याची जोडणी चालू आहे आणि मालक केव्हाही येऊन राहू शकतो, असे घर रिकामे असले तरी उपलब्धच राहते.

### जिव्हाळ्याच्या हितसंबंधांचे केंद्र

दोन्ही देशांत स्थायी घर असेल तर व्यक्तीचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कोणत्या देशाशी अधिक घनिष्ठ आहेत ते पाहिले जाते. पती-पत्नी व मुले कोठे राहतात, उपजीविका कोठे चालते, मालमत्तेचा कारभार कोठून पाहिला जातो, सामाजिक व सांस्कृतिक जीवन कोठे आहे, या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो. वैयक्तिक बाजू एका देशाकडे आणि आर्थिक बाजू दुसऱ्या देशाकडे झुकत असेल, तर केवळ पगार कोठे मिळतो एवढ्यावरून निर्णय देता येत नाही. जुने घर, कुटुंब आणि चीजवस्तू पहिल्या देशात तशाच ठेवून कोणी दुसऱ्या देशात नवे घर केले असेल, तर त्याच्या जीवनाचे केंद्र पहिल्याच देशात राहिल्याचे ते एक लक्षण मानले जाते.

### नेहमीचे वास्तव्य

हितसंबंधांचे केंद्र ठरवता येत नसेल, किंवा दोहोंपैकी कोणत्याही देशात स्थायी घर नसेल, तर तिसरी पायरी येते. घर कोठेच नसल्यास दुसरी पायरी ओलांडून थेट येथे यायचे असते. या कसोटीत वास्तव्याची वारंवारता, कालावधी आणि नियमितता पाहिली जाते. ती काही थोड्या दिवसांपुरती पाहून चालत नाही. व्यक्तीचा राहण्याचा परिपाठ कळेल इतका पुरेसा काळ विचारात घ्यावा लागतो. दोन्ही देशांत नेहमीचे वास्तव्य आहे असा निष्कर्षही निघू शकतो.

### राष्ट्रीयत्व आणि परस्पर सहमती

वास्तव्यावरूनही निर्णय झाला नाही तर व्यक्ती ज्या देशाची नागरिक असेल तो देश निवासाचा ठरतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे भारतीयांच्या बाबतीत ही पायरी सहसा स्पष्ट असते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेतलेली व्यक्ती भारतीय नागरिकच राहते. याउलट अमेरिकी नागरिकत्व घेऊन भारताचे 'ओसीआय' कार्ड बाळगणारी व्यक्ती भारताची नागरिक नसते. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

व्यक्ती दोन्ही देशांची नागरिक असेल किंवा कोणत्याच देशाची नसेल, तर दोन्ही देशांचे सक्षम प्राधिकारी आपसांत विचारविनिमय करून प्रश्न सोडवतात. भारतात हे काम केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या संबंधित विभागातील अधिकारी पाहतात.

## उदाहरण : छत्रपती संभाजीनगर ते म्लादा बोलेस्लाव्ह

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा मोटार कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव्ह हे या कंपनीच्या मुख्यालयाचे गाव. अशा औद्योगिक संबंधांतून होणाऱ्या स्थलांतराचे पुढील उदाहरण कल्पित आहे. त्यातील व्यक्ती आणि आकडे केवळ नियम समजावेत म्हणून घेतले आहेत.

गारखेडा परिसरात स्वतःची सदनिका असलेला एक अभियंता २० ऑक्टोबर २०२३ रोजी चेक प्रजासत्ताकात तीन वर्षांच्या नोकरीसाठी गेला. नोकरीचा करार तेथील कंपनीशी झाला होता. डिसेंबरअखेरपर्यंत तो अतिथिगृहात राहिला आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याने भाड्याची सदनिका घेतली.

भारताची बाजू. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस आणि ऑक्टोबरचे २० दिवस मिळून तो २०२३-२४ या आर्थिक वर्षात २०३ दिवस भारतात होता. १८२ दिवसांची मर्यादा ओलांडल्याने तो त्या पूर्ण वर्षासाठी, म्हणजे ३१ मार्च २०२४ पर्यंत, भारताचा निवासी ठरतो.

चेक प्रजासत्ताकाची बाजू. तेथील कायद्यानुसार कॅलेंडर वर्षात १८३ दिवस राहणारी किंवा तेथे कायम राहण्याच्या हेतूने घर असणारी व्यक्ती निवासी ठरते. २०२३ मध्ये तो तेथे ७२ दिवसच होता आणि त्याला स्वतःचे घरही नव्हते, म्हणून त्या वर्षी प्रश्न उद्भवत नाही. २०२४ मध्ये मात्र तो बहुतांश काळ तेथेच होता, त्यामुळे १ जानेवारीपासून निवासी ठरतो.

अशा रीतीने १ जानेवारी ते ३१ मार्च २०२४ हे ९१ दिवस दोन्ही देशांच्या वाट्याला येतात. नमुना करारावरील भाष्यानुसार निर्णायक कसोट्या लावताना ज्या काळात निवासाचा परिणाम करावर होतो त्याच काळातील वस्तुस्थिती पाहायची असते, आणि हा काळ पूर्ण करवर्षापेक्षा लहान असू शकतो. म्हणून येथे या तीन महिन्यांतील परिस्थितीच निर्णायक आहे. तिच्या तीन शक्यता पाहता येतील.

*पहिली शक्यता.* पत्नी व मुले डिसेंबरमध्येच त्याच्याकडे गेली आणि गारखेड्याची सदनिका अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने परक्या कुटुंबाला राहायला दिली. आता उपलब्ध स्थायी घर एकच, म्लादा बोलेस्लाव्हचे. पहिल्याच पायरीवर तो करारापुरता चेक प्रजासत्ताकाचा निवासी ठरतो.

*दुसरी शक्यता.* मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये असल्याने पत्नी व मुले सदनिकेतच राहिली. घर दोन्हीकडे आहे, म्हणून दुसरी पायरी येते. पगार परदेशात मिळतो; पण कुटुंब, मुलांची शाळा, गृहकर्ज आणि बचत सगळे येथे आहे. अशा स्थितीत हितसंबंधांचे केंद्र भारतात असल्याचा निष्कर्ष अधिक संभवतो.

*तिसरी शक्यता.* कुटुंब बरोबर गेले, पण सदनिका कुलूप लावून ठेवली आणि किल्ली भावाकडे दिली. घर दोन्हीकडे उपलब्धच आहे, म्हणून येथेही दुसरी पायरी गाठावी लागते. मात्र आता कुटुंब आणि उपजीविका दोन्ही परदेशात असल्याने पारडे चेक प्रजासत्ताकाकडे झुकते. निष्कर्ष पहिल्या शक्यतेसारखाच आहे. परंतु तो सिद्ध करण्यासाठी अधिक पुरावा लागतो आणि त्यावर वाद होण्याची शक्यताही अधिक असते.

### कराच्या रकमेवर होणारा परिणाम

या तीन महिन्यांचा परदेशी पगार ९ लाख रुपयांइतका आहे आणि वर्षाच्या आधीच्या भारतीय पगारामुळे तो भारतात ३० टक्क्यांच्या टप्प्यात पोहोचला आहे, असे धरू. ४ टक्के उपकर मिळून या पगारावरील भारतीय कर २,८०,८०० रुपये होतो. चेक प्रजासत्ताकात १५ टक्के दराने, तेथील वैयक्तिक सवलती बाजूला ठेवल्यास, १,३५,००० रुपये होतात.

| करारानुसार निवास | चेक कर | भारतात द्यावा लागणारा कर | एकूण |
|---|---|---|---|
| चेक प्रजासत्ताक | १,३५,००० | नाही | १,३५,००० |
| भारत | १,३५,००० | १,४५,८०० | २,८०,८०० |

तो चेक प्रजासत्ताकाचा निवासी ठरल्यास, तेथे केलेल्या कामाच्या पगारावर कर आकारण्याचा हक्क करारानुसार त्याच देशाला राहतो. भारताचा निवासी ठरल्यास काम तेथे झालेले असल्याने चेक प्रजासत्ताकही कर घेते, आणि भारत आपल्या करातून त्या कराची वजावट देऊन उरलेली रक्कम वसूल करतो. म्हणजे दुसऱ्या शक्यतेतही एकाच पगारावर दोन पूर्ण कर बसत नाहीत. पण दोहोंपैकी जास्त असलेल्या कराइतका भार मात्र सोसावा लागतो. घर भाड्याने दिले होते की त्यात कुटुंब राहत होते, या एका गोष्टीने येथे १,४५,८०० रुपयांचा फरक पडला आहे.

२०२४-२५ मध्ये हा अभियंता सुट्टीपुरताच, समजा ४० दिवस, भारतात आला तर तो भारतीय कायद्यानेच अनिवासी ठरतो. मग दोन दावेच उरत नाहीत आणि निर्णायक नियमांची गरजही राहत नाही.

## पुरावे आणि कार्यपद्धती

परदेशाचा निवासी म्हणून भारतात कराराचा लाभ मागणाऱ्याने त्या देशाच्या करखात्याचे करनिवास प्रमाणपत्र मिळवणे आवश्यक असते. वरील उदाहरणाच्या वर्षासाठी त्याबरोबर फॉर्म १०एफ मधील माहितीही द्यावी लागत असे. भारताचा निवासी राहून परदेशी कराची वजावट घेणाऱ्यासाठी फॉर्म ६७ होता.

करनिवास प्रमाणपत्राने एवढेच सिद्ध होते की तो देश त्या व्यक्तीला आपल्या कायद्यानुसार निवासी मानतो. दोन दाव्यांपैकी कोणता वरचढ, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळा लागतो. घराच्या बाबतीत दोन्हीकडचे भाडेकरार, त्यांच्या तारखा आणि ताबा दिल्याची नोंद उपयोगी पडते. कुटुंबाच्या स्थलांतरासाठी मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नव्या शाळेतील प्रवेश आणि पारपत्रावरील शिक्के उपयोगी पडतात. लिव्ह अँड लायसन्स करार फेब्रुवारीत सुरू झाला असेल, तर जानेवारीत घर उपलब्ध होते असा अर्थ निघू शकतो. म्हणून तारखांचा मेळ बसणे महत्त्वाचे असते.

## मर्यादा आणि सामान्य गैरसमज

दिवसांची मोजणी म्हणजे निर्णायक नियम नव्हे. दिवस मोजून देशांतर्गत कायद्यानुसारचा निवास ठरतो. करारातील कसोट्यांत वास्तव्य तिसऱ्या पायरीवर आहे, आणि तेथेही केवळ दिवसांची बेरीज पुरेशी नसते.

करारापुरता निवास बदलला तरी देशांतर्गत दर्जा बदलत नाही. उदाहरणातील अभियंता करारानुसार चेक प्रजासत्ताकाचा निवासी ठरला, तरी २०२३-२४ च्या भारतीय विवरणपत्रात त्याचा दर्जा 'निवासी' असाच राहतो. त्यामुळे परदेशातील बँक खाते व इतर मालमत्ता जाहीर करण्याचे बंधन केवळ कराराच्या आधारे सुटत नाही.

दुसऱ्या देशाशी करार असला तरी त्यातील शब्दरचना तपासावी लागते. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कोठेही राहत असले तरी कर आकारते आणि भारत-अमेरिका करारात तिने हा हक्क राखून ठेवला आहे. म्हणून भारतात परतलेल्या अमेरिकी नागरिकाचे निवासस्थान करारानुसार भारत ठरले, तरी अमेरिकेतील विवरणपत्र भरण्याची त्याची जबाबदारी संपत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. तिच्याशी झालेल्या करारात व्यक्तीचा तेथील निवास कॅलेंडर वर्षातील किमान १८३ दिवसांच्या वास्तव्यावरून ठरतो. तेवढे दिवस पूर्ण झाले नाहीत तर करारापुरता तेथील निवासच सिद्ध होत नाही आणि निर्णायक कसोट्यांपर्यंत जाण्याचा प्रश्न येत नाही.

कंपन्यांसाठी नियम वेगळे आहेत. पूर्वी कंपनीचे प्रभावी व्यवस्थापन जेथून चालते तो देश निवासाचा मानण्याची पद्धत प्रचलित होती. नमुना कराराच्या २०१७ च्या आवृत्तीत हा निर्णय प्रत्येक प्रकरणी दोन्ही देशांच्या सक्षम प्राधिकाऱ्यांवर सोपवण्यात आला. घर, कुटुंब आणि नागरिकत्व यांच्या कसोट्या केवळ व्यक्तींनाच लागू होतात.